दम किती लागला? सहा ते वीसची पट्टी



रामनवमी जवळ आली की शिर्डीकडे येणाऱ्या रस्त्यांवर पालख्या दिसायला लागतात. मुंबईहून, नाशिकहून, पुण्याहून माणसं चालत येतात. हल्ली त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनगटावर नाडीचे ठोके दाखवणारं घड्याळ असतं. चालता चालता मनगट वर करून आकडा बघतात आणि वेग कमी-जास्त करतात. ते बघून आपल्या गटांतल्या बायांनी आम्हाला विचारलं, "आम्हाला आषाढीला दिंडीबरोबर चालायचंय. सवय करायला आत्तापासून रोज सकाळी चालतोय. मग तसलं घड्याळ घ्यावं लागंल का?"

आजची सगळी चर्चा या एका प्रश्नावर आहे. उत्तर असं की बहुतेकींना घड्याळाची गरज नाही. आपल्याला किती श्रम पडताहेत हे आपलं शरीर आपल्याला सांगतच असतं. त्या सांगण्याला आकडा द्यायची एक पद्धत आहे. तिला जाणवणाऱ्या श्रमाची पट्टी म्हणतात. डॉक्टर आणि व्यायाम शिकवणारे तिला आरपीई किंवा बोर्ग पट्टी म्हणतात. आपण तिला साधं दमाची पट्टी म्हणू. पण आकडा सांगायचीही एक रीत असते. ती नीट समजली नाही तर पट्टी फसवते. म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

स्वीडन देशात गुन्नर बोर्ग नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1960 च्या दशकात त्यांनी माणसांना जागेवरच्या सायकलीवर बसवलं. पायडल मारायचा जोर ते हळूहळू वाढवत नेत आणि प्रत्येक टप्प्यावर विचारत, "आता किती जड वाटतंय?" एकीकडे नाडीचे ठोकेही मोजले जात. त्यातून दिसलं की जोर वाढतो तसे ठोके वाढतात आणि माणसाला वाटणारा जडपणाही जवळपास त्याच चालीने वाढतो. म्हणजे जाणवणं हे नुसतं मनाचं नाही, त्याला आतून आधार आहे. श्वास किती जोरात चाललाय, छाती किती धडधडतेय, पायांचे स्नायू किती भरून आलेत, अंग किती तापलंय, या सगळ्या खबरा मेंदूकडे जातात आणि मेंदू त्यांची बेरीज करून आपल्याला सांगतो, "हलकं आहे" किंवा "आता जड होतंय." बोर्ग यांनी त्या बेरजेला आकडे दिले.

आकडे 6 पासून 20 पर्यंत आहेत. आपल्या बायांनी लगेच विचारलं, एकपासून का नाही? त्याचं कारण नाडीत आहे. धडधाकट तरुण माणूस शांत बसला असेल तर मिनिटाला साधारण 60 ठोके पडतात आणि जिवाच्या आकांताने पळाला तर ठोके 200 च्या आसपास जातात. 60 मधलं शून्य काढलं की 6, आणि 200 मधलं एक शून्य काढलं की 20. म्हणजे तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की त्याचे ठोके अंदाजे कळतात. हा हिशोब वय वाढलं की जुळत नाही, ते पुढे सांगतो. आधी पट्टी ऐका.

6 म्हणजे काहीच श्रम नाहीत. ओट्यावर निवांत बसलोय.
7 आणि 8 म्हणजे अगदी नावापुरते.
9 म्हणजे खूप हलके. आपल्या मर्जीने, सावकाश, गप्पा मारत चालणं.
11 म्हणजे हलके.
13 म्हणजे थोडे जड. अंग कामाला लागलंय हे कळतं, पण अजून बराच वेळ चालू शकू असं वाटतं.
15 म्हणजे जड.
17 म्हणजे खूप जड. रेटायला लागतं, थकवा चांगलाच जाणवतो.
19 म्हणजे अतिशय जड. बहुतेकींनी आयुष्यात याहून जास्त श्रम केलेले नसतात.
20 म्हणजे याच्या पुढे काही नाही.

मधले 10, 12, 14, 16, 18 हे त्या त्या दोन पायऱ्यांच्या मधले. 11 पेक्षा जास्त आणि 13 पेक्षा कमी वाटलं तर 12.

आता आकडा कसा काढायचा ते ऐका. पहिल्यांदा दोन टोकं पक्की करायची. 6 कसं असतं ते कळायला पाच मिनिटं खरोखर स्वस्थ बसा. वरच्या टोकासाठी आठवा, आपण आजवर सगळ्यात जास्त कधी दमलो होतो. कुणी उसाची मोळी डोक्यावर घेऊन बांध चढली असेल, कुणी गाडी सुटते म्हणून सामान घेऊन धावली असेल. ते आपलं 19. ही दोन टोकं ज्याची त्याची असतात, म्हणून आकडाही ज्याचा त्याचा असतो. शेजारणीचा 13 आणि आपला 13 यांत वेग वेगळा असणार, यात काही चूक नाही.

मग चालायला लागा. पहिल्या पाच मिनिटांत आकडा विचारू नका, कारण शरीर अजून चालीला लागलेलं नसतं. पाच-सात मिनिटांनी, चालता चालताच स्वतःला विचारा, "सगळं धरून, आत्ता, या क्षणी किती?" सगळं धरून म्हणजे श्वासही आला आणि पायही आले. नुसता गुडघा दुखतोय म्हणून आकडा वाढवायचा नाही. दुखणं वेगळं आणि श्रम वेगळे. गुडघा दुखला तर ते वेगळं सांगा. पण आकडा द्यायचा तो कामाच्या जडपणाला.

आणि शब्द आधी, आकडा नंतर. "मला 14 वाटतंय" असं एकदम म्हणू नका. आधी मनात म्हणा, "हे थोडं जड आहे की जड आहे?" उत्तर मधलं आलं तर 14. असं केलं की अंदाज पक्का होतो.

सोबत एक साधी पडताळणी आहे, ती बोलण्याची. 9 ते 11 वर चालताना गाणं म्हणता येतं. 12-13 वर पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणायला गेलं तर ओळीच्या मध्ये श्वास घ्यावा लागतो. 15 वर दोन-चार शब्द बोलून थांबावं लागतं. 17 वर बोलणंच नको वाटतं. आकडा आणि बोलणं जुळत नसेल, म्हणजे तोंडाने 11 म्हणतेय पण वाक्य पूर्ण होत नाही, तर बोलण्यावर विश्वास ठेवा आणि वेग कमी करा.

तब्येतीसाठी चालायचं तर बहुतेकींनी 12 ते 13 वर राहावं. नव्याने सुरुवात करणारीने पहिले दोन-तीन आठवडे 11 ते 12 च्या पुढे जाऊ नये. 9 वर तासभर फिरलं तर मोकळी हवा मिळते, पण दम वाढवायला ते कमी पडतं. आणि रोज 16 वर चालणारी आठ दिवसांत पाय धरून घरी बसते.

आता आपल्याच गटात काय झालं ते सांगतो, म्हणजे सगळं जागेवर बसेल.

साकुरीच्या बाजूने पेरूच्या बागांच्या कडेने सपाट रस्ता आहे. तिथे आमच्या बाया पहाटे चालतात. एके दिवशी आम्ही दोन किलोमीटर अंतर धरलं आणि सगळ्या एकाच चालीने, 24 मिनिटांत, ते चालल्या. थांबल्या थांबल्या प्रत्येकीचा आकडा विचारला आणि नाडी मोजली. नाडी मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला मोजतात, दोन बोटांनी. अंगठ्याने मोजू नये, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि गोंधळ होतो. 15 सेकंदांत किती ठोके पडले ते मोजायचं आणि चारने गुणायचं. हे थांबल्याबरोबर करावं लागतं, कारण थांबलं की ठोके झपाट्याने उतरतात.

एक 27 वर्षांची ताई होती. तिने सांगितलं 11. तिचे ठोके 15 सेकंदांत 28, म्हणजे मिनिटाला 112. अकरा दाहे एकशे दहा. हिशोब जुळला.

दुसरी ताई 41 वर्षांची. तिने सांगितलं 13. ठोके 31, म्हणजे मिनिटाला 124. तेरा दाहे एकशे तीस. हाही जवळपास जुळला.

तिसऱ्या मावशी 58 वर्षांच्या. त्यांच्या नातवाने त्यांच्या हाताला घड्याळ बांधलेलं होतं. त्या म्हणाल्या 15. वाक्यही पूर्ण बोलवत नव्हतं. आम्ही नाडी मोजली तर ठोके फक्त 23, म्हणजे मिनिटाला 92. घड्याळातही 92 च होते. म्हणजे घड्याळ बरोबर होतं.

आता नातू काय म्हणाला ते बघा. त्याने फोनमध्ये हिशोब केला. 220 मधून वय वजा करायचं, म्हणजे 162. मध्यम व्यायामात ठोके त्याच्या 64 ते 76 टक्के असावेत, म्हणजे 104 ते 123. आजीचे तर 92. तो म्हणाला, "आजी, तू अजून मध्यमलापण पोचली नाहीस. वेग वाढव." मावशींनी ऐकलं असतं तर? 15 वर असलेल्या बाईने अजून वेग वाढवला असता, तेही घड्याळ हलकं म्हणतंय म्हणून.

मावशींनी ऐकलं नाही. त्या बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "घड्याळाला दम लागत नाही बाबा, मला लागतोय." आम्ही त्यांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं आणि सोबत गोळ्यांचं पाकीट न्यायला सांगितलं. मावशींना बीपीसाठी जी गोळी चालू होती ती बीटा ब्लॉकर जातीची निघाली. या गोळ्या हृदयाचे ठोके मुद्दामच खाली धरून ठेवतात, तेच त्यांचं काम. त्यामुळे कितीही श्रम केले तरी नाडी नेहमीसारखी वर चढत नाही. घड्याळ खोटं बोलत नव्हतं. पण ठोक्यांवरून श्रम ओळखायचा जो हिशोब आहे, तो गोळी घेणाऱ्याला लागू पडत नाही. अशा वेळी श्रम किती पडताहेत ते सांगायला शरीराची बेरीजच कामाला येते. डॉक्टरांनी हृदयाचा कागद काढून बघितला आणि मावशींना आधी 11-12 वर चालायला सांगितलं. एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. गोळीमुळे नाडी चढत नाही म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. एकदम बंद केली तर धोका होतो.

या तीन जणींमधून दोन गोष्टी निघतात. पहिली, एकच चाल तिघींना वेगवेगळी पडली. 24 मिनिटांत दोन किलोमीटर ही कुणासाठी हलकी, कुणासाठी ठीक, कुणासाठी जड. म्हणून "सगळ्यांनी एका चालीने चला" हा आग्रह गटात चुकीचा ठरतो. दुसरी, दहाने गुणायचा हिशोब तरुण आणि औषध नसलेल्या माणसाचा आहे. वय वाढतं तसे हृदयाचे सगळ्यात जास्त ठोकेच कमी होतात. साठीच्या बाईचे कमाल ठोके 200 नसून साधारण 160 च्या आसपास असतात. तिचा 20 हा 160 ठोक्यांवरच येतो. म्हणून वय वाढल्यावर दहाने गुणू नका, नुसता आकडा धरा. आणि ते 220 वजा वय हासुद्धा अंदाजच आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

मग गटाने एकत्र चालायचं कसं? एकीला मागे टाकलं तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि तिच्यासाठी सगळ्या हळू चालल्या तर तरुण पोरींचा आकडा 9 च्या वर जात नाही. यावर आम्ही एक सोपी युक्ती वापरतो. अंतर मोजायचं नाही, वेळ मोजायची. सगळ्या एकाच जागेवरून निघतात आणि आपापल्या 12-13 वर चालतात. 20 मिनिटं झाली की एकजण शिट्टी वाजवते. शिट्टी ऐकली की जी जिथे असेल तिथून ती मागे फिरते आणि त्याच आकड्यावर परत येते. जी लांब गेली तिला लांबून यायचंय, जी जवळ होती तिला जवळून. त्यामुळे सगळ्या जवळपास एकाच वेळी निघाल्या जागेवर पोचतात. कुणी मागे राहत नाही आणि कुणाला धापही लागत नाही. सगळ्या फार पुढे-मागे गेल्या तर शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा प्रत्येकीने फोनचा गजर लावावा.

प्रगती झाली की नाही हेही याच आकड्यावरून कळतं. मावशी सुरुवातीला दोन किलोमीटर 30 मिनिटांत चालायच्या तेव्हा त्यांचा आकडा 12 यायचा. सहा आठवड्यांनी तेच अंतर त्यांना 27 मिनिटं लागली आणि आकडा 12 च राहिला. तेवढ्याच श्रमात जास्त चाल, याचाच अर्थ दम वाढला. म्हणून वहीत तीनच रकाने ठेवा. तारीख, किती मिनिटं, आकडा. बचतीच्या वहीत हप्ता लिहितो तसंच.

आकडा फसतो कुठे, तेही सांगायला हवं.

पहिली फसगत गटातच होते. रांगेत उभं करून मोठ्याने विचारलं की पहिली म्हणते 12, दुसरी म्हणते 12, आणि मग सगळ्या 12. सून सासूपुढे जास्त आकडा सांगत नाही, सासू सुनेपुढे सांगत नाही. म्हणून आम्ही पुठ्ठ्यावर पट्टी काढली. मोठे आकडे, प्रत्येकाशेजारी चेहरा. वर हसरा, खाली घामेजलेला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही चालतं. प्रत्येकीजवळ जायचं, पुठ्ठा तिच्यापुढे धरायचा आणि तिने बोट ठेवायचं. दुसरीला दिसू द्यायचं नाही. एवढ्या एका गोष्टीने आकडे खरे यायला लागले.

दुसरी फसगत भजनाची. टाळ-मृदंग वाजत असला की चालणं हलकं वाटतं, हे दिंडीत गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. मन गाण्यात असतं, तोपर्यंत शरीराच्या खबरा मागे पडतात आणि आकडा एक-दोनने कमी येतो. श्रम मात्र तेवढेच पडतात. म्हणून आकडा विचारताना दोन मिनिटं गाणं थांबवा. अभंग म्हणताच येत नाहीये इतका श्वास लागला, तर मात्र विचारायचीही गरज नाही, चाल कमी करा.

तिसरी गोष्ट उन्हाची, आणि इथे पट्टीचा खरा उपयोग होतो. सकाळी सहाला ज्या चालीला 12 आकडा येतो, त्याच चालीला दहा वाजता 14 किंवा 15 येतो. उन्हात अंग थंड ठेवायला हृदयाला कातडीकडेही रक्त धाडावं लागतं, घामातून पाणी जातं, म्हणून तेवढंच चालणं जास्त जड पडतं. असं झालं की "रोज तर याच चालीने चालते" असा हट्ट धरायचा नाही. आकडा 12-13 वर धरायचा आणि चाल आपोआप कमी होऊ द्यायची. गुरुवारचा किंवा एकादशीचा उपवास असेल, रात्री झोप झाली नसेल, ताप येऊन गेला असेल, पाळी चालू असेल, तेव्हाही आकडा चढलेला दिसू शकतो. त्या दिवशी कमी चालायचं. आदल्या दिवशीच्या वेगाशी स्पर्धा नको.

चौथं, दोन पट्ट्यांचा घोळ. बोर्ग यांनीच नंतर दुसरी एक पट्टी काढली, ती 0 पासून 10 पर्यंत जाते. दवाखान्यात किंवा फोनवरच्या व्यायामात कधी ती विचारतात. तिच्यात 5 म्हणजे जड. आपल्या पट्टीत 5 हा आकडाच नाही. म्हणून कुणी आकडा विचारला की आधी विचारा, "सहा ते वीस की शून्य ते दहा?" आणि आपल्या गटात एकच पट्टी वापरा.

चालण्याशिवाय शेतातही ही पट्टी चालते. कांदा काढताना, उसाची बांधणी करताना, पेरूचे क्रेट उचलताना अर्ध्या तासाने स्वतःला विचारा. सतत 15 च्या वर असेल तर क्रेट अर्धे भरा किंवा दर वीस मिनिटांनी सावलीत पाच मिनिटं थांबा. त्याचबरोबर हेही विचारा, की जड काय पडतंय, श्वास की हात-पाय? ओझं उचलताना श्वास 11 वर असतो आणि खांदे 16 वर असतात. तेव्हा श्वासाकडे बघून काम चालू ठेवलं तर खांदा आणि कंबर धरते.

पोटुशी असलेल्या पोरींना डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली असेल, तर त्यांनाही नाडीपेक्षा हीच पट्टी बरी. बाळंतपणाच्या काळात नाडी एरवीपेक्षा वेगळी चालते, म्हणून ठोक्यांचे नेहमीचे आकडे लागू पडत नाहीत. बोलता येईल एवढंच, 13 च्या आसपास चालायचं. चक्कर आली, पोटात कळ आली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं तर थांबायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

आता पट्टी काय सांगू शकत नाही ते ऐका, हे सगळ्यात महत्त्वाचं. पट्टी श्रम मोजते, आजार ओळखत नाही. छातीत दाब आल्यासारखं वाटणं, दुखणं जबड्यात, हातात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आणि थांबल्यावरही न उतरणारा दम, यांतलं काही झालं तर आकडा विचारायचा नाही. तिथेच बसवायचं आणि 108 ला फोन करायचा. बायांमध्ये हृदयाचा त्रास कधी छातीत न दुखता नुसता दम, मळमळ किंवा विचित्र थकवा म्हणून येतो. ज्यांना बरीच वर्षं साखरेचा आजार आहे, त्यांच्या नसा बधिर झाल्या असतील तर छातीतलं दुखणं जाणवतच नाही. त्यामुळे साखर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मैत्रिणींनी चालायला सुरुवात करायच्या आधी डॉक्टरांना विचारून आपला वरचा आकडा ठरवून घ्यावा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारीने खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. हात थरथरले, घाम फुटला, तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते.

आणखी एक. रोजच्याच चालीला रोज 12 येतो, आणि ऊन नाही, उपवास नाही, तरी तीन-चार दिवस 15 यायला लागला, तर ती खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. अंगात रक्त कमी झालं असेल, आत कुठे ताप मुरत असेल, हृदयाचं काही असेल. वही घेऊन आरोग्य केंद्रात जा. "मला बरं वाटत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा, "याच रस्त्याला, याच वेळात, गेल्या महिन्यात 12 होता, आता 15 आहे" असं सांगितलं की डॉक्टरांना धागा मिळतो.

तर मैत्रिणींनो, पुठ्ठा, स्केचपेन आणि वही एवढाच खर्च आहे. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की एक पुठ्ठा करा. पहिला आठवडा नुसते आकडे लिहा, चाल बदलू नका. दुसऱ्या आठवड्यापासून आकड्याप्रमाणे चाल धरा. आणि कुणी घड्याळ घेतलंच असेल तर तेही राहू द्या. फक्त घड्याळ एक सांगेल आणि दम दुसरं, तेव्हा दमाचं ऐकून थांबा आणि मग डॉक्टरांना दोन्ही दाखवा.